दिवाळी अंक : बाहेरून आलेले लेख एआयनं लिहिलेत का, हे तपासताना

संपादन विभागातील सर्वांसाठी,

लेख आला की आधी नावं, तारखा, अवतरणं पडताळा. अस्तित्वातच नसलेलं पुस्तक सापडलं, तर चौकशी तिथून सुरू करा. गुळगुळीत भाषा हा पुरावा नव्हे. आपले कित्येक निवृत्त शिक्षक तसंच लिहितात. यंत्रलेखन ओळखणाऱ्या साधनांचे टक्के ग्राह्य धरू नका. ओपनएआयनं स्वतःचं असं साधन कमी अचूकतेमुळे जुलै 2023 मध्ये मागे घेतलं होतं.

शंका उरली तर लेखकाचं नाव झाकून दुसऱ्या संपादकाला वाचायला द्या. मग फोन करा : ‘तिसऱ्या परिच्छेदातली माहिती कुठून मिळाली? टिपणं पाठवाल का?’ हे प्रश्न नवख्यांनाच नव्हे, प्रत्येकाला विचारायचे. टिपणं नसतील तर विषयावर दहा मिनिटं बोला. नकार देताना ‘संदर्भ पडताळता आले नाहीत’ एवढंच कळवा.