काउंटरचा कॉम्प्युटर सुरू होत नसेल तर

आधी बिलबुक काढा. गिऱ्हाईक ताटकळता कामा नये. बिल हाताने लिहा, कार्बन कॉपी जपून ठेवा, एंट्री नंतर करता येते. मग खालच्या गोष्टी याच क्रमाने करा.

जळका वास किंवा धूर आला तर पुढचं वाचत बसू नका. भिंतीवरचं बटण बंद करा आणि मला बोलवा.

१. यूपीएसचा दिवा बघा. दिवा नसेल तर त्याच सॉकेटला मोबाईलचा चार्जर लावा. चार्जिंग होतंय, पण यूपीएस मेलेलाच आहे? मग कॉम्प्युटरची वायर सरळ भिंतीवरच्या सॉकेटला लावा.

२. कॅबिनेटच्या मागची जाड काळी वायर आत दाबा. तिच्याजवळ छोटं बटण असतं, ते I बाजूला दाबलेलं हवं. O म्हणजे बंद. झाडताना हात लागून ते बंद होतं, म्हणून नीट वाकून बघा.

३. पंखा फिरतोय, पण स्क्रीन काळी आहे? कीबोर्डचं एखादं बटण दाबा. मॉनिटरचा दिवा आणि मागच्या दोन्ही वायरी तपासा. `No Signal` दिसलं तर मॉनिटर ठीक आहे, त्याला कॅबिनेटकडून चित्र मिळत नाही. चित्राची वायर काढून पुन्हा घट्ट बसवा.

४. पेन ड्राइव्ह लावलेला असेल तर काढा. कधीकधी कॉम्प्युटर त्याच्यावरूनच सुरू व्हायला बघतो आणि अडकतो.

५. तरीही नाही? भिंतीवरचं बटण बंद करा, मागची वायर काढा आणि कॅबिनेटचं पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. आत साठलेली वीज निघून जाते. वायर लावा, बटण एकदाच दाबा आणि दोन मिनिटं थांबा.

हे करू नका

पॉवर बटण सारखं सारखं दाबू नका. डिस्कवर लिहिणं चालू असताना वीज तुटली की फाइल खराब होते, आणि आपला सगळा हिशेब त्याच डिस्कवर आहे. `Working on updates` दिसलं तर कितीही वेळ लागो, बंद करू नका. निळ्या पडद्यावर `Reset this PC` किंवा `Remove everything` आलं तर त्याला हातही लावू नका. `BitLocker recovery` आलं तर आकडे अंदाजाने टाकू नका, ती किल्ली माझ्याकडे आहे. कॅबिनेट उघडू नका.

मला फोन करण्याआधी स्क्रीनचा फोटो काढा आणि टीं-टीं आवाज किती वेळा होतो ते मोजा. त्यावरून बिघाड रॅमचा की आणखी कशाचा, याचा अंदाज येतो. चूक कोणाची हे मी विचारणार नाही, फक्त काय काय करून पाहिलं ते खरं सांगा.

सुरू झाला तर पहिलं बिल काढण्याआधी खाली उजवीकडची तारीख बघा. आतला छोटा सेल संपला की तारीख मागे जाते आणि बिलं चुकीच्या दिवसाला लागतात.