🌦️ आजचं आभाळ: मंगळवार, श्रावण कृष्ण चतुर्थी, अंगारकी 🌖

शुभ सकाळ, सहकारनगर! 🙏

⛅ सकाळी १० पर्यंत ढगाळ, मधूनच ऊन. वाळवण घालायचं असेल तर एवढीच वेळ.
🌦️ दुपारी १२ ते ४ श्रावणसरी. दहा मिनिटं पाऊस, दहा मिनिटं उघडीप. शाळेतून मुलांना आणायला जाताना रेनकोट न्या, सरीत छत्री पुरत नाही.
🌧️ संध्याकाळी ६ नंतर थोडा जोर वाढेल.
🌡️ कमाल २७, किमान २२
🌅 ६:१५ 🌇 ७:०२

🟡 शहराला यलो अलर्ट, 🟠 घाटमाथ्याला ऑरेंज. तिकडचा पाऊस खडकवासल्यात येतो आणि विसर्ग वाढला की नदीपात्रातला रस्ता बंद होतो. डेक्कनकडे जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी चौकशी करावी.

🌖 पुण्यात चंद्रोदय रात्री ९:१३. पूर्वेकडे ढग असणार, त्यामुळे दर्शनाची खात्री देता येत नाही. आमच्या घरी अशा दिवशी घड्याळ बघून अर्घ्य देतात आणि उपास सोडतात. गच्चीची किल्ली ८:४५ पासून वॉचमनकडे असेल. गच्चीवर शेवाळ धरलंय, ज्येष्ठांनी कुणाचा तरी हात धरूनच या.

बी विंगच्या आजींनी काल विचारलं, रोज चंद्र वेगळा का टाकता? आजी, 🌔 म्हणजे शुक्ल पक्षातला, पौर्णिमेकडे वाढणारा. 🌖 म्हणजे पौर्णिमा होऊन गेलेला, उजवीकडून झिजणारा. संकष्टीला नेहमी हाच. उगवताना मात्र तो चित्रातल्यासारखा उभा नसतो, कललेला असतो. ढग फाटले तर नीट बघा, झिजलेली कड वरच्या बाजूला दिसेल. उद्यापासून तो रोज अर्धा-पाऊण तास उशिरा उगवेल. अमावस्येला 🌑 येईल.

आणखी एक, नवीन राहायला आलेल्यांसाठी. ⛈️ हे चित्र मी फक्त विजांसह जोरदार पावसाचा अंदाज असेल तेव्हाच टाकतो. आज ते नाही. ज्या दिवशी दिसेल, त्या दिवशी खालच्या पार्किंगमधल्या गाड्या अंधार पडायच्या आत वरच्या रस्त्यावर न्या. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर आपल्यातल्या अनेकांनी पाहिलाय. कात्रजच्या बाजूला कोसळलेलं पाणी बघता बघता इथे पोचलं होतं. म्हणून विनंती, शुभेच्छांच्या मेसेजमध्ये ⛈️ आणि 🔴 सजावटीला वापरू नका. फुलं, दिवे, मोदक हवे तेवढे टाका.

अंगारकीमुळे सारसबागेजवळ संध्याकाळी गर्दी राहील. तळ्यातल्या गणपतीला जायचं असेल तर दुपारच्या उघडिपीत जाऊन या.

संध्याकाळी ५ ला ढग बघून पुन्हा कळवतो. अंदाज बदलला तर त्याआधीच.

गणपती बाप्पा मोरया! 🌺
सी विंग, दुसरा मजला