नागरिकशास्त्र प्रकल्प: बिल, वॉरंटी आणि तक्रार

पाहणीसाठी प्रत्येक घरात एकच काम सांगितले: मागच्या वर्षी घेतलेल्या एका विजेच्या वस्तूचे बिल आत्ता, पाच मिनिटांत काढून दाखवा. हक्क माहीत आहेत का, हे विचारण्यापेक्षा ही परीक्षा खरी, कारण तक्रार बहुधा कागदाअभावी अडते.

बिलावर दुकानाचे नाव-पत्ता, क्रमांक, तारीख, वस्तूचे मॉडेल व सिरियल नंबर आणि रक्कम हवी. 'मिक्सर १ नग' एवढ्याने भागत नाही. बिघडलेला मिक्सर तोच, हे मग सिद्ध होत नाही. गुळगुळीत छापील बिलांची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून त्याच दिवशी फोटो काढावा. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही ओळ बिलावर असली, तरी सदोष वस्तूची जबाबदारी त्यामुळे टळत नाही. मागूनही बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख घ्यावी. मुदत खरेदीपासून की वस्तू बसवल्यापासून, कोणता भाग वगळलाय, हे बारीक अक्षरातच असते. फ्रिजच्या कॉम्प्रेसरची दहा वर्षे म्हणजे अख्ख्या फ्रिजची दहा वर्षे नव्हेत! दुरुस्तीला वस्तू देताना जॉब शीट घ्यावी, त्यावर दोष लिहून घ्यावा.

तक्रार आधी दुकानदार आणि कंपनीकडे, लेखी. नमुना:

'दि. १४ नोव्हेंबर २०२४ रोजी बिल क्र. ४१७ ने ३,२०० रुपयांना घेतलेल्या मिक्सरची मोटर ३ फेब्रुवारी २०२५ रोजी बंद पडली. वॉरंटी दोन वर्षांची आहे. सेवा केंद्राने दोनदा दुरुस्त करूनही दोष कायम आहे. १५ दिवसांत मिक्सर बदलून द्यावा किंवा रक्कम परत करावी. अन्यथा जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल. सोबत बिल, वॉरंटी कार्ड व दोन्ही जॉब शीटच्या प्रती.'

पत्र ईमेलने किंवा स्पीड पोस्टाने जावे. फोनवर बोलल्याचा पुरावा राहत नाही.

उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. ती कंपनीशी मध्यस्थी करते, आदेश देऊ शकत नाही. बरेच जण तिथेच वाट पाहत बसतात. इकडे तक्रारीचे कारण घडल्यापासूनची दोन वर्षांची मुदत सरत असते.

पुढची पायरी जिल्हा आयोग. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथे जाते. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. तक्रारदार राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यातही ती दाखल होते, कंपनीच्या गावी जावे लागत नाही.

पाहणीच्या शेवटी प्रत्येक घराला एक फाइल दिली. पहिला कागद त्याच दिवशी लावायचा: शोधायला सांगितलेले बिल. सापडले नसेल, तर दुकानातून मागवलेली त्याची प्रत.