जप्त दुचाकी सुपुर्दनाम्यावर परत मिळण्यासाठी अर्ज

प्रति,
मा. थाना प्रभारी,
पोलीस थाना सराफा, इंदूर

दिनांक : १३ ऑक्टोबर २०२५

विषय : अपराध क्र. ३१२/२०२५, भारतीय न्याय संहिता कलम ३०३(२) यात जप्त झालेली दुचाकी एमपी ०९ एक्सओ ४३१७ परत मिळणेबाबत.

महोदय,

मी सौ. मंजिरी दिलीप खानवलकर, राहणार रामबाग, इंदूर. माझी पांढरी होंडा अ‍ॅक्टिव्हा २८ सप्टेंबरला संध्याकाळी सराफ्यातून चोरीस गेली व त्याच रात्री मी आपल्याकडे तक्रार नोंदवली. ६ ऑक्टोबरला ती आपल्या पथकाने एका आरोपीकडून हस्तगत केली, याबद्दल मनापासून आभार.

गाडीची नंबर पाटी आरोपीने काढून टाकली आहे. त्यामुळे गाडी माझीच आहे याची खात्री चेसिस व इंजिन क्रमांकावरूनच होईल. हे दोन्ही क्रमांक मूळ आरसी, खरेदीचे बिल आणि विमा पॉलिसी या तिन्हींवर एकच आहेत. ते जप्ती पत्रकाशी ताडून पाहावेत. आरसीवर अजून बँकेचा बोजा दिसतो, पण कर्ज पूर्ण फिटले आहे. बँकेचे ना-हरकत पत्र व फॉर्म ३५ सोबत आहे.

गाडी २ एप्रिल २०२२ रोजी, पाडव्याला, घेतली. तृतीय पक्ष विमा १ एप्रिल २०२७ पर्यंत आणि चोरी व नुकसानीचा विमा १ एप्रिल २०२६ पर्यंत चालू आहे. चोरीची सूचना विमा कंपनीला दिली होती, मात्र भरपाईची कोणतीही रक्कम घेतलेली नाही. गाडी सापडल्याचेही लेखी कळवले असून त्याची पोच जोडली आहे. म्हणजे मालकी आजही माझीच आहे.

भंवरकुआ भागात शिकणाऱ्या मुलांना मी रोज जेवणाचे डबे पोहोचवते. दिवाळी तोंडावर आली आहे, फराळाच्या ऑर्डरी घेतलेल्या आहेत आणि घरात दुसरे वाहन नाही. उघड्यावर उभी राहून गाडीची बॅटरी व वायरिंग खराब होईल, ही काळजी वेगळीच. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य (२००२) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जप्त वाहने ठाण्यात दीर्घकाळ पडू देऊ नयेत, असे म्हटले आहे.

तपासासाठी गाडी यापुढे ठेवणे आवश्यक नसल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १०६(३) नुसार ती मला सुपुर्दनाम्यावर द्यावी, ही विनंती. त्याआधी सर्व बाजूंनी फोटो काढून पंचनामा करावा. प्रकरण संपेपर्यंत मी गाडी विकणार नाही, रंग किंवा भाग बदलणार नाही आणि न्यायालय सांगेल तेव्हा हजर करीन. नवी पाटी बसेपर्यंत ती रस्त्यावर चालवणार नाही, लोडिंग रिक्षात घालून घरी नेईन. डिकीत माझे स्टीलचे दोन डबे होते. जप्तीत मिळाले असल्यास तेही मिळावेत.

न्यायालयाचा आदेश लागणार असेल, तर तसे लेखी द्यावे आणि आपला अहवाल लवकर पाठवावा, म्हणजे मला कलम ४९७ व ५०३ खाली न्यायालयात अर्ज करता येईल.

सोबत आधार कार्ड, प्रथम खबरीची प्रत आणि वर सांगितलेल्या सर्व कागदांच्या स्वसाक्षांकित प्रती आहेत. मूळ कागद पडताळणीसाठी माझ्याजवळ आहेत. याच अर्जाची हिंदी प्रतही जोडली आहे. कृपया पोच द्यावी.

आपली विश्वासू,
सौ. मंजिरी दिलीप खानवलकर