एक की नऊ

गेटवर माझी पहिली नाइट होती तेव्हा काकांनी सांगितलं, मागच्या शटरपाशी कुत्री व्यालीय तिकडे टॉर्च मारू नको, आणि साडेनऊला माझ्याशी बोलायचं नाही. बास. कामाचं काहीच नाही.

साडेनऊला ड्रॉचा रिझल्ट लागायचा. रोज एक नंबर, चार आकडी. काका मोबाईल पार डोळ्यांपाशी धरून बघायचे, कुठल्यातरी जुन्या गेटपासच्या मागे तो नंबर खरडायचे आणि खिशात टाकायचे. मग रात्री तीनला, म्हणजे ज्या टायमाला झोप अक्षरशः मानगुटीवर बसते त्या टायमाला, कपाटातून पक्की वही निघायची. पट्टीने आखलेली, हजार, शतक, दशक, एकक असे चार कॉलम, जोडी आली की लाल पेन. अशा तीन वह्या होत्या. चिठ्ठ्या पण फेकायचे नाहीत, महिन्याचा गठ्ठा करून रबर लावून बुटाच्या खोक्यात.

मला वाटलं हा माणूस रोज पैसे लावत असणार. तर नाही. एकदाही नाही. "आधी कळू दे, मग लावू" म्हणायचे. अशी शिस्त मी तरी कुणात बघितली नाही, म्हणजे जुगारी माणसात तर नाहीच.

मी तेव्हा बाहेरून बीएस्सी करत होतो, स्टॅट्स घेऊन, त्यामुळे मला जरा शहाणपणा सुचायचाच. काका म्हणायचे चारही आकडे वेगळे आले की दुसऱ्या दिवशी जोडी येते, निम्म्या वेळा तरी येतेच. मी म्हटलं काका निम्म्या वेळा येणारच, चारही वेगळे असलेले नंबर दहा हजारात ५०४०, म्हणजे उरलेल्या जवळजवळ निम्म्यात कुठला ना कुठला आकडा रिपीट असतोच, आदल्या दिवशी काय आलं त्याचा संबंध नाही. मग म्हणाले, अख्खा नंबर चार महिन्यांत परत आला त्याचं काय? मी सांगितलं की साधारण ११९ ड्रॉ झाले की कुठलातरी नंबर परत आलेला असण्याची शक्यता पन्नास टक्क्यांच्या वर जाते. ते नुसते हसले. शेवटी मी माझा हुकमी पत्ता टाकला, १९१३ ला माँटे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटवर सलग २६ वेळा काळा आला, आता लाल येणारच म्हणून लोकांनी धडाधड लाल लावलं आणि धुऊन निघाले.

"सत्ताविसाव्याला काळा नव्हता ना?"

"नाही."

"मग!"

यावर काय बोलणार.

तर मीच एकदा म्हटलं की द्या वही, एक्सेलमध्ये टाकतो, एकदाच काय तो सोक्षमोक्ष. पहिल्या दोन वह्यांत काही नाही, सगळे आकडे आपापल्या जागी, थोडे वर थोडे खाली. तिसऱ्या वहीत मात्र १८० दिवस, म्हणजे ७२० आकडे, प्रत्येकाचे ७२ च्या आसपास यायला हवेत, दहाबारा इकडेतिकडे समजू शकतो. नऊ आले १०२. मी तीनदा मोजलं. फरक ३०, आणि असल्या मोजणीत नेहमीची हलचल आठेक धरतात, म्हणजे जवळपास चौपट, असं आपोआप सहजासहजी होत नाही. मी उडालो. आणि मूर्खासारखं तिथेच बोललो, "काका, नऊ जास्त येतोय. खरंच."

ते काहीच बोलले नाहीत. चष्मा काढला, शर्टाने पुसला, परत घातला. दुसऱ्या दिवसापासून एककाला नऊ धरून पैसे लावायला लागले.

अकरा दिवस. अकराही दिवस एककाला नऊ नाही. तसं ते काही विशेष नाही, तीनात एकदा असं होऊ शकतं, पण पगार काकांचा जात होता आणि गणित माझं होतं. रोज साडेनऊला माझ्याच पोटात गोळा यायचा. ते मात्र शांत. "येईल. तूच म्हणालास ना."

बाराव्या रात्री बाहेर जाणाऱ्या एका ट्रकवर राडा झाला. ड्रायव्हर म्हणतो माझा नंबर चुकीचा घातलाय, गाडी सोडत नाही म्हणजे काय. गेट रजिस्टरमध्ये शेवटचा आकडा ९, प्लेटवर १. काका म्हणाले मी एकच लिहिलाय, बघ. मी टॉर्च लावून बघितलं. काका सगळं मराठी आकड्यांत लिहायचे, आणि त्यांच्या घाईतल्या १ च्या गोळ्याला मागे एक बारीक शेपूट फुटलं होतं. ते शेपूट धरलं तर ९. सोडलं तर १. असल्या तक्रारी आधी पण दोनदा आल्या होत्या, सुपरवायझरने झापलं होतं, मी लक्षच दिलं नव्हतं.

ट्रक गेला आणि मी तसाच उभा. मग लॅपटॉप उघडला. तिसऱ्या वहीत १ किती? ४४. मी फक्त जास्त आलेल्याकडे बघितलं, कमी कोण आलं ते बघितलंच नाही! ४४ आणि १०२, दोन्ही मिळून १४६. दोघांचे मिळून १४४ यायला हवेत. कुठला नऊ नि कुठलं काय, तीनला झोपेत स्वतःच्याच चिठ्ठीवरचा एक ते नऊ वाचत होते.

सांगू की नको करत तास गेला. मग सांगितलं. ते ऐकून घेऊन राउंडला निघून गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत, मला वाटलं गेला हा माणूस, आता परत बोलणार नाही. आले ते थेट खोकं काढून बसले.

"तू चिठ्ठी बघ, सायटीवरचा जुना रिझल्ट बघ, मला तारखा सांग. चुकलेल्या."

सकाळी सहापर्यंत बसलो. तीसेक चुका निघाल्या. दुरुस्त केल्यावर ९ झाले ७१ आणि १ झाले ७५, एकदम सपाट. पण काकांना बेरजेत इंटरेस्टच नव्हता. ते तारखांवर बोट फिरवत होते. चुका सुट्या नव्हत्या, गठ्ठ्यांनी होत्या. चार दिवस सलग, मग आठवडाभर काही नाही, मग परत पाच दिवस.

त्यांनी खिशातून हजेरीचं कार्ड काढलं आणि शेजारी ठेवलं. ज्या दिवशी डबल ड्युटी, दिवसाची करून रात्रीची, त्याच दिवशी चूक. सगळ्या नाही, पण पाचसहा सोडल्या तर सगळ्या.

"म्हणजे पॅटर्न होता की रे," ते म्हणाले. आणि मोठ्याने हसले, इतके की शटरकडची कुत्री भुंकायला लागली.

मी विचारलं पैशांचं काय. म्हणाले कुठल्या पैशांचं. मी परत विचारलं नाही, अजूनही ते बोलायचं राहूनच गेलंय.

दुसऱ्या रात्री साडेनऊला मी तोंड बंद ठेवून बसलो. काकांनी मोबाईल डोळ्यांपाशी नेला, गेटपास उलटा केला, लिहिलं आणि यावेळी खिशात न टाकता माझ्यापुढे सरकवला. ४, एक, ७, एक. दोन्ही एक अक्षरात.