मध्यस्थीतील तडजोडीची रक्कम १७ एप्रिल २०२६ पर्यंत भरण्याबाबत मागणीपत्र

दिनांक : १ एप्रिल २०२६
मुलुंड (पूर्व), मुंबई

स्पीड पोस्टाने व ईमेलने

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक
नोंदणीकृत कार्यालय, अंधेरी (पूर्व), मुंबई

विषय : ग्राहक तक्रार क्र. सीसी/२४/३१८, मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. १२ जानेवारी २०२६ चा तडजोडनामा आणि १६ जानेवारी २०२६ चा आदेश.

महोदय,

आमच्या मॉड्युलर किचनबाबतचा वाद मध्यस्थीत मिटला. तडजोडनाम्यावर आपल्या अधिकृत प्रतिनिधीने संचालक मंडळाच्या ठरावाची प्रत जोडून सही केली आणि आयोगाने ती तडजोड नोंदवून आदेश दिला. त्यानुसार आपण ₹२,४०,००० दोन समान हप्त्यांत भरायचे होते : ₹१,२०,००० दि. १६ फेब्रुवारीपर्यंत आणि ₹१,२०,००० दि. १६ मार्चपर्यंत. आजपर्यंत एक रुपयाही जमा झालेला नाही.

आपल्या लेखा विभागाने २४ फेब्रुवारीच्या ईमेलमध्ये 'व्हेंडर कोड तयार झालेला नाही' असे कळवले. आम्ही आपले पुरवठादार नाही. खाते क्रमांक व आयएफएससी कोड तडजोडनाम्याच्या परिच्छेद ४ मध्ये लिहिलेला आहे, रद्द केलेला धनादेशही त्याच दिवशी आपल्या प्रतिनिधीकडे दिला आहे. आपल्या कार्यालयाची अंतर्गत कार्यपद्धती आयोगाच्या आदेशाला मुदतवाढ देऊ शकत नाही.

१२ मार्चच्या ईमेलमधील मुद्दा अधिक गंभीर आहे. 'आधी सामान परत करा, मग रक्कम देऊ' असे आपण म्हणता. परिच्छेद ५ मधील क्रम नेमका उलटा आहे : पूर्ण रक्कम जमा झाल्यापासून १५ दिवसांच्या आत कंपनीने स्वखर्चाने सामान उतरवून न्यायचे. हा क्रम मुद्दाम ठरवला होता, कारण सामान एकदा घराबाहेर गेले की निकृष्ट कामाचा पुरावाही जातो. सिंकखालचे फुगलेले पार्टिकल बोर्डाचे कपाट आणि बिजागरीतून सुटलेली दोन शटर आजही जागेवर आहेत. रक्कम जमा होताच आपण दिवस कळवा, सोसायटीचा गेटपास आम्ही काढून ठेवू. त्याआधी काहीही हलणार नाही.

परिच्छेद ६ प्रमाणे एक हप्ता चुकला तरी संपूर्ण बाकी लगेच देय होते आणि चुकलेल्या तारखेच्या दुसऱ्या दिवसापासून तिच्यावर द.सा.द.शे. ९ सरळ व्याज लागते. म्हणजे १७ फेब्रुवारीपासून रोज ₹५९.१८. १७ एप्रिलपर्यंत, दोन्ही दिवस धरून, ६० दिवसांचे ₹३,५५१ होतात.

म्हणून आमची मागणी अशी की, शुक्रवार, दि. १७ एप्रिल २०२६ रोजी सायंकाळी ५ वाजेपर्यंत एकूण ₹२,४३,५५१ परिच्छेद ४ मधील खात्यात एनईएफटी किंवा आरटीजीएसने जमा करावेत आणि यूटीआर क्रमांक ईमेलने कळवावा. त्याआधी भरल्यास तितक्या दिवसांचे व्याज कमी होईल. १४ एप्रिलची सुट्टी अडचण ठरू नये, या दोन्ही सेवा सुट्टीच्या दिवशीही चालू असतात. पुढील तारखेचा धनादेश किंवा नवा हप्ता आम्ही स्वीकारणार नाही. अर्धवट रक्कम आली तर ती जमा धरू, मात्र उरलेल्या रकमेवरील हक्क सोडला असा तिचा अर्थ होणार नाही. आमचे खाते बदललेले नाही. कोणी फोनवरून दुसरा क्रमांक दिला तर त्यात पैसे भरू नयेत.

तडजोडीचा फेरविचार आता शक्य नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ८१ खाली तडजोड नोंदवून दिलेल्या आदेशाविरुद्ध कलम ४१ प्रमाणे अपील चालत नाही. मुदतीत रक्कम न आल्यास आम्ही पुढची सूचना न देता आयोगात दोन स्वतंत्र अर्ज करू. एक, कलम ७१ खाली वसुलीची दरखास्त. तीत कंपनीच्या मालमत्तेचे शपथपत्र आणि बँक खात्याची जप्ती मागू. दुसरा, कलम ७२ खाली. आदेश न पाळणाऱ्यास किमान एक महिना ते तीन वर्षे कारावास, किंवा किमान ₹२५,००० ते ₹१,००,००० दंड, किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. दंड भरला म्हणून आमची रक्कम माफ होत नाही. दरखास्तीचा खर्चही आम्ही मागू.

मध्यस्थीच्या बैठकीत कोण काय बोलले याचा उल्लेख आम्ही या पत्रात केलेला नाही, ते गोपनीय आहे. सही झालेला तडजोडनामा आणि आयोगाचा आदेश एवढ्यावरच ही मागणी उभी आहे.

काही शंका असल्यास ८ एप्रिलपर्यंत लेखी कळवावी. शंका विचारल्याने १७ एप्रिलची मुदत पुढे जाणार नाही.

आपले,
श्री. व सौ. परब
(तक्रारदार)

सोबत : तडजोडनाम्याची प्रत, आयोगाच्या आदेशाची प्रमाणित प्रत, २४ फेब्रुवारी व १२ मार्चचे ईमेल, व्याजाचा तक्ता, १६ फेब्रुवारी ते ३१ मार्चचा बँक खातेउतारा.

प्रत : कंपनीतर्फे आयोगात हजर असलेले वकील.