शनिवार, रात्री पावणेअकरा

उद्या नीट पीजी. हॉल तिकिटाच्या दोन प्रती, फोटो, आधार, सगळं फाइलमध्ये. पेन न्यायचं नाही, घड्याळ नाही, कानातलंसुद्धा काढायचं. २०० प्रश्न, साडेतीन तास. ४० प्रश्नांचा एक भाग, त्याला ४२ मिनिटं, आणि वेळ संपली की मागे फिरणे नाही. हेच जास्त छळतं. मला सवय पेपर दोनदा फिरवायची.

बरोबरला ४, चुकीला उणे १. मृण्मयी म्हणते, दोन पर्यायांत अडकलीस तर मार बिनधास्त. गणित तिच्या बाजूने आहे, पण माझा हात अडतो.

संध्याकाळी फार्माकॉलॉजी उघडलं आणि मिटलं. अ‍ॅट्रोपिन तर पाठ करावं लागलंच नाही. कॅज्युअल्टीत कीटकनाशक प्यायलेल्या काकांना मॅडम डोस दुप्पट करत गेल्या; मी बाहुल्या बघत होते. त्या म्हणाल्या, "डोळे सोड, छाती ऐक." घरघर थांबेपर्यंत स्टेथो लावून उभी होते. असं सगळंच शिकायला मिळालं असतं तर! बाकी इंटर्नशिप म्हणजे रक्ताचे नमुने लॅबला पोचवणे आणि रिपोर्टच्या मागे पळणे.

बाबांचा तिसरा फोन: खडकवासल्यातून पाणी सोडलंय, भिडे पूल बुडालाय, लवकर निघ. अहो बाबा, सदाशिव पेठेतून हडपसरला जाताना भिडे पूल लागतच नाही! रिक्षा सहाची सांगितलीय.

मेसच्या काकू उद्या पहाटे पोहे करून देणार आहेत. बायोस्टॅट एकदा चाळते, मग झोप. आली तर.